दोन सर्दींच्या मधले दिवस

"माझा मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १५ किलो. गणपतीपासून आतापर्यंत पाच वेळा छाती भरली. आधी नाक वाहतं, दोन दिवसांत खोकला, आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकून खोकून उठतो, कधी उलटीही होते. छातीतून सूं सूं आवाज येतो. दवाखान्यात मशीनची वाफ दिली की त्याच दिवशी बरं वाटतं. दर वेळी अँटिबायोटिक आणि खोकल्याचं औषध; दोनदा स्टिरॉइडचं सिरपही झालं. मधल्या दिवसांत पळाला किंवा जोरात हसला तरी खोकतो. त्याच्या बाबांना पावसाळ्यात शिंका सुरू होतात, आणि ह्याला थंडीत गुडघ्यांच्या मागे खाज येते. एक डॉक्टर म्हणतात ॲलर्जीची सर्दी, दुसरे म्हणतात बालदमा असू शकतो, पंप सुरू करू. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला पंप लावलास तर जन्मभराची सवय लागेल. ही सारखी होणारी सर्दी आहे की दमा?"
— एक आई, करवीर तालुका

ताई, तुमच्या पत्रातलं निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं वाक्य मधल्या दिवसांचं आहे. सर्दी असताना खोकला येणार, छाती घरघरणार, हे पुष्कळ मुलांत होतं. नाक कोरडं आहे, ताप नाही, आणि तरीही पळताना-हसताना खोकला येतो, ही गोष्ट साध्या सर्दीत बसत नाही. त्यात वडिलांची ॲलर्जी, मुलाच्या त्वचेची खाज आणि मशीनने लगेच मिळणारा आराम मिळवला तर पारडं दम्याकडे झुकतं. पण या वयात दम्याचं निदान एका तपासणीने किंवा एका रात्रीच्या आवाजावरून होत नाही. ते दोन गोष्टींवर होतं: दोन सर्दींच्या मधले दिवस कसे जातात, आणि नेमकं औषध दिल्यावर व पुढे थांबवल्यावर काय होतं. म्हणून पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच लिहिलं आहे.

आधी सर्दीचा हिशेब करू, कारण "सारखा आजारी" या शब्दाने पुष्कळ घोळ होतो. बालवाडीत किंवा अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. घरात शाळेत जाणारं मोठं भावंड असेल तर आणखी एक-दोन. एका सर्दीचा खोकला बहुतेक मुलांत दहा दिवसांत ओसरतो, काहींत दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आठ सर्द्या आणि प्रत्येकीचे दोन आठवडे धरले तर सोळा आठवडे झाले, म्हणजे जवळजवळ वर्षाचा तिसरा हिस्सा. या सर्द्या बारा महिन्यांत सारख्या वाटलेल्या नसतात, पावसाळा आणि थंडीत त्यांची गर्दी होते. त्यामुळे ऑगस्ट ते जानेवारी मूल सतत खोकतंय असं वाटणं चुकीचं नाही, आणि तरीही ते मूल पूर्ण निरोगी असू शकतं. अशा मुलात ओळखायची खूण एकच: खोकला तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्तीत जास्त असतो, मग उतरत जातो, आणि पुढची सर्दी येईपर्यंत मूल अगदी स्वच्छ असतं. पळतं, झोपतं, हसतं, खोकत नाही.

याच्या आणि दम्याच्या मध्ये एक तिसरा गट आहे, आणि तो सांगितला जात नाही म्हणून आई-वडील गोंधळतात. काही लहान मुलांची छाती फक्त विषाणूची सर्दी झाली की शिट्टी वाजवते. त्यांच्या श्वासनलिका मुळातच बारीक असतात, थोडी सूज आली तरी अरुंद होतात. सर्दी गेली की शिट्टीही जाते. यातली बरीच मुलं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत यातून बाहेर पडतात. एक डॉक्टर ॲलर्जी म्हणतात आणि दुसरे दमा, याचं कारण पुष्कळदा हेच असतं: दोघांनीही मूल सर्दीच्या दिवसांतच पाहिलेलं असतं, आणि त्या दिवसांत हे गट एकमेकांसारखेच दिसतात.

आता आवाजाकडे वळू. तुम्ही ऐकता तो सूं सूं नक्की कुठून येतो हे घरीच बऱ्यापैकी ठरवता येतं. मूल शांत झोपलेलं असताना पंखा आणि टीव्ही बंद करा, सदरा वर घ्या आणि जवळून ऐका. दम्याची शिट्टी बारीक, ओढल्यासारखी असते आणि मुख्यतः श्वास बाहेर टाकताना येते, कारण श्वास सोडताना छातीतल्या बारीक नळ्या आणखी आवळतात. नाक चोंदल्याचा आवाज श्वास घेताना-सोडताना दोन्ही वेळा येतो आणि जाडसर असतो. नाकात प्रत्येक बाजूला मिठाच्या पाण्याचे दोन थेंब, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब टाका, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा ऐका. आवाज गेला किंवा खूप कमी झाला तर तो नाकाचा होता. तिसरा आवाज खरखरीचा, हाताला छातीवर जाणवतो आणि एकदा खोकल्यावर बदलतो. तो मोठ्या नळ्यांतल्या कफाचा असतो. आवाज श्वास आत घेताना, गळ्यातून कर्कश येत असेल तर ते वेगळंच दुखणं आहे आणि त्याच दिवशी दाखवायचं आहे.

कानावर भरवसा ठेवण्यापेक्षा मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. उजेड चांगला हवा, छाती आणि पोट दोन्ही उघडं दिसायला हवं. आवाजाबरोबर बरगड्यांच्या मधली जागा आत ओढली जाते का, तेही त्यात दिसतं. दवाखान्यात सकाळी अकराला मूल खेळत बसलेलं असतं आणि छाती साफ असते. रात्री अडीचचा हा एक मिनिट डॉक्टरांना तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

रात्रीच का, हेही समजून घ्या, कारण वेळेवरून बरंच कळतं. पहाटेच्या आधीच्या तासांत सगळ्यांच्याच श्वासनलिका थोड्या अरुंद होतात आणि शरीरातलं सूज आवरणारं संप्रेरक कमी झालेलं असतं. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या आहेत त्याला तेवढं निमित्त पुरतं. म्हणून दम्याचा खोकला बहुधा मध्यरात्र उलटल्यावर, कोरडा आणि लागोपाठ येतो. नाकातलं पाणी घशात उतरून येणारा खोकला आडवं झाल्यावर थोड्याच वेळात सुरू होतो आणि सकाळी उठल्यावर ओला असतो. असं मूल बऱ्याचदा तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं. ही खूण सोळा आणे पक्की नाही, एकाच मुलात दोन्ही असू शकतात. तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा.

ही वही आज रात्रीपासून सुरू करा. रोज चारच नोंदी: नाक वाहतंय का, रात्री खोकल्याने उठला का आणि किती वाजता, खेळताना-हसताना खोकला का, आणि आराम देणारं औषध किती वेळा लागलं. यापेक्षा जास्त रकाने आखले तर आठव्या दिवशी वही बंद पडते. वही भरण्यासाठी डॉक्टरांकडे जाणं मात्र लांबवू नका. तुमच्या मुलाचे पाच झटके झालेत, त्यात दोनदा स्टिरॉइडचं सिरप लागलंय. एवढ्या इतिहासावर या एक-दोन आठवड्यांतच बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.

वही वाचायची कशी ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा चौदा दिवसांच्या नोंदी झाल्या. त्यांत नाक वाहत होतं पाच दिवस. रात्री खोकून उठला पाच वेळा. आता त्या पाच रात्रींना सर्दीच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा वेगळ्या काढा. दोन रात्री सर्दीतल्या निघाल्या तर त्यांवरून काहीच ठरत नाही, त्या बाजूला ठेवा. उरलेल्या तीन रात्री नाक कोरडं असलेल्या नऊ दिवसांतल्या आहेत, म्हणजे दर तीन रात्रींत एकदा. खेळतानाचा खोकलाही याच नऊ दिवसांत चार वेळा लिहिलेला असेल, तर हे चित्र दम्याचं आहे. उलट, पाचच्या पाच रात्री सर्दीतल्या निघाल्या आणि बाकीचे नऊ दिवस कोरे राहिले, तर हे मूल त्या तिसऱ्या गटातलं असण्याची शक्यता जास्त. एकूण रात्री दोन्हीकडे पाचच आहेत. फरक फक्त त्या कुठे पडल्या याचा आहे.

दवाखान्यातल्या मशीनबद्दल एक गोष्ट विचारून घ्या. आपण तिला वाफ म्हणतो, पण नेब्युलायझरमधून गरम वाफ येत नाही, औषधाचे बारीक थेंब येतात. त्या दिवशी त्यात साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल होतं की नुसतं सलाइन, हे जुन्या चिठ्ठ्यांवरून कळेल. साल्ब्युटामॉल आवळलेल्या नळ्या सैल करतं. साध्या सर्दीच्या खोकल्यावर त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा त्या औषधाने पंधरा-वीस मिनिटांत शिट्टी आणि धाप कमी होत असेल, तर तो नळ्या आवळल्याचा चांगला पुरावा आहे. पातेल्यातली गरम पाण्याची वाफ हे वेगळं प्रकरण आहे. तिने नळ्या सुटत नाहीत, आणि पातेलं कलंडून मुलं भाजतात. ती देऊ नका.

दम्यासारखंच दिसणारं पण दमा नसलेलं काय काय असू शकतं, ते डॉक्टर तपासतीलच. तरी चार गोष्टी तुमच्याच लक्षात येऊ शकतात. पहिली सर्वांत महत्त्वाची: खोकला एखाद्या दिवशी अचानक, खाता-खाता ठसका लागून सुरू झाला होता का? शेंगदाणा, फुटाणा, चिक्कीचा तुकडा श्वासनलिकेत अडकला की एकाच बाजूला शिट्टी वाजते आणि खोकला आठवडेच्या आठवडे जात नाही. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे बरा आला म्हणून हा प्रश्न मिटत नाही. तो ठसका आठवून सांगावा लागतो. दुसरी, रोजचा ओला, कफाचा खोकला चार आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर श्वासनलिकांत जिवाणूंचा संसर्ग रेंगाळलेला असू शकतो, आणि तिथे अँटिबायोटिकची खरी गरज असते. तिसरी, वजन वाढत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, किंवा घरात-शेजारी कुणाला क्षयरोग आहे. चौथी, जन्मल्यापासूनच छाती वाजते किंवा दूध पिताना-खाताना खोकला येतो. यातलं एक जरी असेल तर पंपाच्या आधी त्याचा शोध लागायला हवा.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी साधारण पाच-सहा वर्षांपासून नीट जमते, आधी मुलाला तेवढा जोर सलग लावता येत नाही. छातीचा एक्स-रे दम्यात बहुधा साधाच येतो. वर सांगितलेली इतर कारणं पाहण्यासाठी एकदा काढणं ठीक, प्रत्येक झटक्याला नको. रक्तातली ॲलर्जीची तपासणी ॲलर्जीची प्रवृत्ती सांगते, दमा आहे की नाही ते सांगत नाही. हजारो रुपये खर्चून मोठी यादी तपासून घेण्यात या टप्प्यावर अर्थ नाही.

म्हणून या वयात निदानाची खरी कसोटी म्हणजे औषधाची चाचणी. सूज कमी करणारा कमी मात्रेचा इन्हेलर रोज, साधारण दोन ते तीन महिने, आणि गरज पडली तर आराम देणारा दुसरा इन्हेलर. हे दोन पंप वेगळे आहेत आणि घरोघरी यांचीच अदलाबदल होते. रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक तो बदलतो; डबीवरचं नाव वाचा. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल लिहिलेला पंप लगेच आराम देणारा. ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन लिहिलेला सूज कमी करणारा. त्याचा परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात. चार दिवस वापरून "काही फरक नाही" म्हणून सोडलेला पंप बहुतेक वेळा हाच असतो. मात्रा डॉक्टर ठरवतील.

औषध बरोबर असून चाचणी फसते ती बहुधा घेण्याच्या पद्धतीने. साडेचार वर्षांच्या मुलाला पंप थेट तोंडात देऊन चालत नाही; पंप आणि तोंड यांच्या मध्ये बसवायची प्लास्टिकची नळी, म्हणजे स्पेसर, हवाच. या वयात तोटीने श्वास घ्यायला जमतं का ते पाहा, जमत नसेल तर मास्क लावा. नवा पंप असेल तर आधी दोन-चार वेळा हवेत फवारा. मग प्रत्येक वेळी पाच सेकंद हलवा, स्पेसरला लावा, मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट बसवा. एकदाच दाबा आणि मुलाला पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. स्पेसरची झडप हलताना दिसते, ती हलली की एक श्वास मोजा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, मग दाबा. वेळ वाचवायला दोन्ही फवारे एकदम मारले तर थेंब एकमेकांना आणि प्लास्टिकला चिकटतात, छातीत कमी पोचतात. मूल रडत असेल तर औषध बरंचसं तोंडात आणि घशातच राहतं. म्हणून पहिले दोन दिवस रिकामा स्पेसर खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या. सूज कमी करणाऱ्या पंपानंतर चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या कापडाने पुसा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

स्पेसर धुण्यातही एक खोच आहे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून तो बुडवा, बाहेर काढा आणि तसाच हवेत वाळू द्या. कापडाने पुसू नका. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध छातीत जायच्या ऐवजी भिंतीला चिकटतं.

आणि पंप संपला कधी ते मोजून ठेवा. डबीवर १२० किंवा २०० अशी फवाऱ्यांची संख्या असते. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे दिवसाला चार; १२० चा पंप तीस दिवसांत संपतो, २०० चा पन्नास दिवसांत. संख्या संपल्यावरही दाबल्यावर फुस्स होतं आणि धूर दिसतो, पण त्यात औषध उरलेलं नसतं. सुरू केल्याची आणि संपायची अशा दोन्ही तारखा डबीवर लिहून ठेवा.

सासूबाईंची काळजी मनापासूनची आहे, तिला नीट उत्तर द्यायला हवं. पंपाची सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत आला तर तो मूळ आजार परत आलेला असतो. खरी शंका सूज कमी करणाऱ्या पंपातल्या स्टिरॉइडबद्दल असते. आकडे पाहा. झटक्यात दिलं जाणारं प्रेडनिसोलोनचं सिरप १५ किलोच्या मुलाला दिवसाला किलोमागे एक मिलिग्रॅम धरलं तरी १५ मिलिग्रॅम, पाच दिवसांत ७५. पंपातून दिवसाला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम गेलं, तर वर्षभरात ७३. औषधं वेगळी असल्याने मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी तुलना नेमकी नाही; पंपातलं औषध वजनाला जास्त जोरकस असतं. पण सिरप पोटातून रक्तात आणि तिथून सगळ्या अंगभर जातं, आणि पंपातलं थेट छातीत काम करतं. तुमच्या मुलाचे दोन सिरपचे कोर्स आधीच झालेत. पंप नीट चालला तर पुढचे टळू शकतात. दुष्परिणाम अजिबात नाही असं मात्र सांगता येत नाही: दीर्घकाळ रोज घेणाऱ्या मुलांची उंची साधारण एक सेंटिमीटर कमी भरू शकते. म्हणूनच मात्रा लागेल तेवढीच कमी ठेवतात आणि दर भेटीत उंची मोजतात.

आडुळसा, मध यांवरून घरात वाद करू नका. एक वर्षाच्या वरच्या मुलाला रात्री चमचाभर मध दिल्याने सर्दीचा खोकला थोडा शांत होतो. त्याने दमा आवरत नाही, एवढं लक्षात असू द्या. खोकल्याची बाटलीबंद औषधं मात्र थांबवा. पाच वर्षांखालच्या मुलांना ती सर्रास देऊ नयेत, असं केंद्र सरकारच्या आरोग्य विभागाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. साल्ब्युटामॉलचं पातळ औषध पंपापेक्षा उशिरा लागू पडतं, आणि त्याने हात थरथरतात, छाती धडधडते. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणूनही लगेच अँटिबायोटिक लागत नाही, विषाणूच्या सर्दीतही तो रंग येतो. केळी, दही, आंबा तोडायची गरज नाही; एखादी वस्तू खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असं वहीत दिसलं तरच ती थांबवा.

घरात दोनच गोष्टींवर जोर लावा, धूर आणि ओल. तुमच्याकडे अंघोळीच्या पाण्याला बंब पेटत असेल, परसात चूल असेल, तर पेटवताना मूल त्या बाजूला नको. गळिताच्या हंगामात गुऱ्हाळाचा धूर आणि उसाचं पाचट जाळल्याची काजळी तुमच्या हाती नाही. पण पाचट पेटलेल्या संध्याकाळी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद करणं आणि त्याला बाहेर न खेळू देणं हाती आहे. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी वापरा. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या भाजता, तेव्हा सगळं घर खोकतं, तो दमा नव्हे. तरी ज्याच्या नळ्या आधीच हळव्या आहेत त्याला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. ओलीचं मूळ पावसाळ्यात असतं: भिंतीवरची काळी बुरशी, आणि कापसाची गादी व वाकळ यांत वाढणारे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे. वाकळ आणि उशीचे अभ्रे आठवड्याला चांगल्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. वाकळ धुण्याजोगी नसेल तर त्याच्यासाठी पातळ, धुता येईल असं पांघरूण वेगळं ठेवा. ती झटकायची असेल तेव्हा तो घरात नको.

रात्री झटका आला तर काय करायचं ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साधारण पद्धत अशी असते: बसतं करा, आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉल पंपाचे दोन फवारे एकेक करून स्पेसरने द्या. वीस मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा दोन, आणि वीस मिनिटांनी आणखी दोन. तासाभरात सहा फवारे होऊनही धाप तशीच राहिली, किंवा आराम पडून तीन-चार तासांत त्रास परत आला, तर घरी थांबायचं नाही. पंपाची आणि मशीनची ताकद अशा मध्यम झटक्यात सारखीच असते, तेव्हा मशीन नाही म्हणून वेळ घालवू नका. काही खुणा दिसल्या तर मात्र फवारे मोजत बसायचंही नाही: बरगड्या आत ओढल्या जाणं, एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळसर होणं, मूल गळून जाणं किंवा झोपाळणं, किंवा शांत असतानाही मिनिटाला चाळीसहून जास्त श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. आणि एक फसवी खूण: मूल धापा टाकतंय पण शिट्टी थांबली. घरच्यांना बरं वाटतं. प्रत्यक्षात नळ्यांतून हवाच इतकी कमी जातेय की आवाजही उमटत नाही. अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात न्या. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मुलांचा विभाग आहे. वाटेत फवारे चालू ठेवा.

अंगणवाडीतल्या बाईंनाही चिठ्ठी द्या: खेळताना खोकला लागला तर बसवा, पंप पिशवीत आहे, आम्हाला फोन करा. खेळायला बंदी मात्र घालायला सांगू नका.

फेब्रुवारीत चाचणी सुरू झाली तर बारा आठवडे मेच्या सुरुवातीला पूर्ण होतील. तेव्हा वहीतल्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन आठवड्यांच्या रात्री शेजारी ठेवून मोजा. फरक काहीच पडला नसेल तर मात्रा वाढवायच्या आधी डॉक्टरांसमोर एकदा पंप घेऊन दाखवा, पद्धत चुकतेय का ते कळेल. पद्धत बरोबर असूनही फरक नसेल तर दमा नसण्याचा विचार करून इतर कारणं शोधावी लागतील. फरक स्पष्ट पडला असेल तरी काम अर्धंच झालेलं असतं, कारण उन्हाळ्यात मुलं आपोआपही सुधारतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पंप मेमध्ये बंद करून वही चालू ठेवायची. जून-जुलैत पहिली सर्दी होऊन गेल्यावर, नाक कोरडं झालेल्या दिवसांत रात्रीचा खोकला पुन्हा उभा राहिला आणि पंप सुरू केल्यावर परत गेला, तर तो दमा. नाही राहिला, तर आराम देणारा पंप तेवढा घरात ठेवून पुढच्या थंडीपर्यंत वाट पाहता येईल.